एका परिच्छेदात वर्ष, एका पानावर पाच मिनिटं

गांधीजींचे वडील करमचंद गांधी १८८५ साली राजकोटला वारले. मोहनदास तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढे चाळीस वर्षांनी, १९२५ पासून, गांधीजी ‘नवजीवन’ साप्ताहिकात आपली आत्मकथा हप्त्याहप्त्यानं लिहू लागले. ‘सत्याचे प्रयोग’ या नावानं ती आपल्याकडे घरोघरी वाचली गेली. पहिल्या भागातलं नववं प्रकरण वडिलांच्या मृत्यूचं आहे. ज्याला स्वतःच्या आठवणी लिहायच्या आहेत, त्यानं ते हातात पेन्सिल घेऊन वाचावं. त्यात काय सांगितलंय हे सर्वांना ठाऊक असतं. मी म्हणतो, त्यात वेळ कसा वापरलाय ते बघा.

प्रकरणाची सुरुवात लांबच्या अंतरावरून होते. वडील भगंदरानं अंथरुणाला खिळलेले. सेवेला आई, घरातला जुना नोकर आणि हा मुलगा. जखम धुऊन पट्टी बांधायची, औषध द्यायचं, घरी करायची औषधं खलून तयार करायची. आणि रोज रात्री वडिलांचे पाय चेपायचे. त्यांनी जा म्हटलं किंवा त्यांना झोप लागली, की मगच उठायचं. या साऱ्याला किती दिवस लागले, किती महिने, ते आकड्यात नाही. ते रोजचं होतं, एवढंच वाचकाला कळतं. मग वैद्यांचे लेप, हकिमांच्या पट्ट्या, गावठी उपचार, इंग्रज डॉक्टरनं सुचवलेली शस्त्रक्रिया, घरच्या डॉक्टरचा तिला विरोध. महिनोन्‌महिने काही ओळींत उरकले जातात. मोठ्या घरातलं लांबलेलं आजारपण ज्यांनी पाहिलंय, त्यांना या ओळी पुरेशा आहेत.

त्यानंतर एक रात्र येते आणि वेग एकदम बदलतो. आता घड्याळ दिसतं: साडेदहा किंवा अकरा वाजलेले. मुलगा पाय चेपतोय. काका म्हणतात, तू जा, मी बसतो. मुलाला बरं वाटतं आणि तो थेट आपल्या खोलीत जातो. बायको गाढ झोपलेली असते, तो तिला उठवतो. पाच-सहा मिनिटं होतात न होतात तोच नोकर दार ठोठावतो. वडील फार आजारी आहेत, असं तो म्हणतो. वडील आजारी आहेत हे तर सर्वांनाच माहीत. मग हे आत्ता सांगायचं कारण काय, हे मुलाच्या ध्यानात येतं. तो अंथरुणातून उडी मारून उठतो, विचारतो, आणि उत्तर मिळतं.

आता इथं एक गोष्ट बारकाईनं पाहायला हवी, कारण माझ्या मते सगळं कसब तिच्यात आहे. वडिलांनी अखेरच्या क्षणी खुणेनं कागद-लेखणी मागितली, अंत्यविधीची तयारी करायला लिहून सांगितलं, दंडावरचा ताईत आणि गळ्यातली सोन्यात ओवलेली तुळशीची माळ तोडून फेकली. प्रत्यक्षात हे सगळं दार वाजण्याआधी घडलं. पण पुस्तकात ते दार वाजल्यानंतर येतं, घडून गेलेली हकीकत म्हणून. दुसऱ्या कुणी ही घटना लिहिली असती तर कॅमेरा वडिलांच्या खाटेपाशीच ठेवला असता: थरथरणारा हात, तुटणारी माळ. ते दृश्य ताकदीचं झालंही असतं, पण खोटं झालं असतं, कारण लिहिणारा तिथं नव्हता. तिथं नसणं हीच तर त्याची कहाणी आहे. म्हणून तो वाचकालाही त्या खाटेपाशी बसू देत नाही. पाच-सहा मिनिटं आपल्याबरोबर बंद दाराआड ठेवतो. वडिलांचा मृत्यू आपल्याला दिसत नाही, फक्त कळतो, आणि मुलाला कळला तसाच कळतो.

मग प्रकरण मिटताना आणखी एक बाब येते. पत्नीला त्या वेळी दिवस गेलेले होते. ते मूल जन्मल्यावर तीन-चार दिवसांपलीकडे जगलं नाही. एका जिवाचं सगळं आयुष्य एका वाक्यात. पाच मिनिटांना इतकी जागा आणि तीन-चार दिवसांच्या आयुष्याला एवढीशी, हे प्रमाण वाचताना टोचतं. ते टोचायलाच हवं.

हे सांगण्याचं कारण असं, की आठवणी लिहिणाऱ्यांचा एक समज असतो: मोठ्या घटनेला जास्त पानं, छोट्या घटनेला कमी. लग्न, बढती, अपघात, मृत्यू इथं थांबायचं, बाकीचं पळवायचं. गांधीजींच्याच पुस्तकात या समजाला चोख उत्तर आहे. १८९१ साली ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा आईला भेटायची ओढ लागलेली होती. आई मात्र ते परदेशी असतानाच गेली होती. परक्या देशात धक्का बसू नये म्हणून थोरल्या भावानं ती बातमी लपवून ठेवली होती. गांधीजी स्वतः नमूद करतात, की हे दुःख वडिलांच्या मृत्यूपेक्षाही मोठं होतं. आणि तरी ते थोडक्यात आटपतं. रडण्या-ओरडण्यात न अडकता त्यांनी रोजचा व्यवहार सुरू केला, असं सांगून लेखक पुढे जातो.

दुःख मोठं, पण जागा छोटी. का? मला याचं एकच उत्तर पटतं. आईच्या मृत्यूच्या वेळी मुलाच्या हातात काहीच नव्हतं. तो सात समुद्रांपलीकडे होता. वडिलांच्या मृत्यूच्या रात्री मात्र त्याच्या हातात होतं. काकांना ‘तुम्ही झोपा, मी बसतो’ एवढं म्हणता आलं असतं. त्या रात्रीला दुसरी वाट होती, आणि ती त्यानं घेतली नाही. ज्या तासाला दुसरी वाट होती त्या तासाशी लेखकानं थांबावं. घटना केवढी होती, त्या दिवशी आपण किती रडलो, हे माप त्यासाठी चालत नाही. ‘मी तेव्हा वेगळं वागू शकलो असतो का?’ या प्रश्नाला ज्या तासाचं उत्तर ‘हो’ असं येतं, तो तास संथपणे लिहिण्याच्या लायकीचा.

आणि त्या तासाला जोर कुठून येतो? आधीच्या घाईत सांगितलेल्या महिन्यांतून. रोज रात्री पाय चेपायचे, झोप लागल्यावरच उठायचं, हा नेम वाचकाच्या मनात आधी बसलेला असतो. म्हणून त्या एका रात्री नेम मोडतो तेव्हा तो मोडल्याचं वाचकाला सांगावं लागत नाही. वर्षं आवळून सांगायची ती मधली रिकामी जागा भरायला नव्हे. पुढचा तास ज्याला तडा देणार आहे, तो नेम त्या आवळलेल्या ओळींत घालून ठेवायचा असतो.

मराठीत हे करण्याची सोय क्रियापदातच आहे, आणि आपण ती रोज बोलताना वापरतो. ‘आजी पहाटे उठायची, चूल पेटवायची, आम्हाला हाका मारायची’ हे एका दिवसाचं वर्णन नाही. यात वीस वर्षं असू शकतात. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात; ‘उठत असे’, ‘उठे’, ‘उठायची’ ही त्याची निरनिराळी रूपं. ‘उठत असे’ थोडं पुस्तकी, ‘उठे’ जुन्या वळणाचं, आणि ‘उठायची’ ओसरीवर बसून बोलल्यासारखं. आपल्या निवेदनाचा सूर जो असेल त्याप्रमाणे निवड करावी, पण एका पानावर तिन्ही मिसळू नयेत. पुढे ‘त्या दिवशी आजी उठली नाही’ असं साध्या भूतकाळात आलं, की वाचकाचे कान टवकारतात. ‘-यची’ गेलं आणि ‘-ली’ आलं, एवढ्या बदलानं वीस वर्षं संपून एक सकाळ सुरू होते. ‘आणि मग एके दिवशी एक अशी घटना घडली की जिनं आमचं आयुष्यच बदलून गेलं’ असली दवंडी पिटायची गरज उरत नाही.

तिसरं एक रूप आहे, वर्तमानकाळाचं: ‘दार उघडते, तर समोर मामा उभा.’ बोलताना आपण हे सर्रास करतो आणि ते जिवंत वाटतं. लिहिताना त्याचा वापर तासाच्या अगदी गाभ्यात, दोन-चार वाक्यांपुरता करावा. सबंध प्रकरण वर्तमानकाळात लिहिलं, तर लिहिणारा आज साठ वर्षांचा आहे आणि हे सगळं आठवतोय, हे भानच हरवतं. आठवणींच्या लेखनात दोन माणसं लागतात, तेव्हाचा आणि आत्ताचा. त्यातला एक गायब झाला की ती कादंबरी होते.

आता एक उदाहरण हातानं करून पाहू. समजा, लालबागच्या चाळीत वाढलेल्या एका बाईंना १९८२ च्या गिरणी संपाबद्दल लिहायचंय. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. बाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. पहिल्या खर्ड्यात त्या बहुधा असं लिहितील:

‘संपाच्या काळात आमचे अतोनात हाल झाले. घरात पैसा नव्हता. आईने खूप काटकसर केली. हळूहळू घरातल्या वस्तू विकाव्या लागल्या. बाबा खचून गेले होते. ते दिवस मी कधीही विसरू शकणार नाही.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण एकही वाक्य या घरचं नाही. गिरणगावातल्या कुठल्याही खोलीत ही सहा वाक्यं चालतील. वर्ष आवळताना सर्वांत जास्त घडणारी चूक हीच: वर्षाबरोबर वस्तूही जातात, आणि मागे उरतात ‘हाल’, ‘काटकसर’, ‘खचणं’ असे नुसते निष्कर्ष. वर्ष जितकं घट्ट आवळायचं, तितका तपशील नेमका लागतो. फक्त तो एकाच धाग्याचा हवा. रेशन, फी, औषधपाणी, भांडणं, मोर्चे हे सगळं एका परिच्छेदात कोंबलं, तर त्याची यादी होते. एक धागा धरावा आणि त्यावरून वर्ष सरकवावं. समजा, बाईंनी फळीवरची भांडी धरली:

‘संप सुरू झाला तेव्हा फळीवर तांब्या-पितळेची अकरा भांडी होती. होळीच्या आत हंडा गेला. मे महिन्यात घागर आणि परात गेली, आणि त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. पावसाळ्यात आई शेजारच्या काकूंबरोबर पापड लाटायला जायला लागली. बाबा मात्र रोज पहाटे पहिल्या पाळीला निघाल्यासारखे उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि नाक्यावर जाऊन उभे राहायचे. गणपतीत आरतीचं ताम्हन शेजारून आणलं. दिवाळीत तिघंही जण भांड्यांविषयी बोललो नाही. दुसरी संक्रांत आली तेव्हा फळीवर एक तांब्या उरला होता, आणि आई तो रोज चिंचेनं घासायची.’

बारा महिने आठ वाक्यांत गेले. कसे गेले ते पाहा. तारखा नाहीत, होळी, मे महिना, पावसाळा, गणपती, दिवाळी, संक्रांत आहेत. आपल्या आठवणीतलं वर्ष असंच असतं. अमुक तारखेला काय झालं ते सांगता येत नाही, पण ‘गणपतीच्या आधी की नंतर’ हे घरातलं कुणीही सांगतं. हा मराठी वाचकाचा चालता पंचांग आहे, तो वापरावा. भांडी हे या परिच्छेदाचं घड्याळ: अकरावरून एकावर. ‘गरिबी’ हा शब्द कुठंही लागला नाही. आणि मधोमध बाबांचं एक वाक्य रीतिभूतकाळात ठेवलंय. ते भांड्यांच्या हिशोबात बसत नाही, म्हणूनच ते लक्षात राहतं. तो पुढच्या तासासाठी पेरलेला नेम आहे.

आता तास कुठला निवडायचा? संप सुरू झाल्याचा दिवस? तो इतिहासात मोठा, पण तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात त्या दिवशी काही नव्हतं. बाबांना नोकरी गेल्याची खात्री पटली तो दिवस? तो बाबांचा, मुलगी त्यांच्या मनात नव्हती. शेवटचा तांब्या विकायला आईनं मुलीला पाठवलं, ती दुपार मात्र मुलीची आहे. ती अशी लिहिता येईल:

‘तांब्या दप्तरात मावेना. मी वह्या काढून कॉटखाली सरकवल्या, तांब्याला आईच्या जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळला आणि पुन्हा आत घातला. आई म्हणाली, वजन करताना काट्याकडे बघ. जिना उतरून नाक्यावर आले, तर बाबा पानाच्या गादीशेजारी उभे. ते दुसरीकडे बघत होते. रस्त्यावरून ट्रक चालला होता. त्याच्या आडोशानं मी पलीकडे गेले असते तर त्यांना दिसलेही नसते. मी थांबले. “कुठे निघालीस?” बाबांनी विचारलं. मी म्हटलं, “शाळेत.” ते दप्तराकडे बघत राहिले. एका बाजूनं ते फुगलं होतं. रविवार होता. बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. “खालून धर,” ते म्हणाले, “पट्टा तुटेल.” मी दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. चार पावलं गेल्यावर मागे वळून बघावंसं वाटलं. बघितलं नाही.’

घडायला दोनेक मिनिटं, आणि जागा मात्र आधीच्या वर्षाहून जास्त. संथपणा इथं विशेषणांनी आलेला नाही. ‘बाबांचा केविलवाणा चेहरा’, ‘माझं धडधडणारं काळीज’ यातलं काही नाही. वेळ थांबतो तो छोट्या कृती क्रमानं सांगितल्यामुळे: वह्या काढल्या, तांब्या गुंडाळला, हात खिशात गेला, परत आला. कृतींमध्ये वाचक स्वतः काय ते समजतो. ‘रविवार होता’ हे दोन शब्द मुद्दाम उशिरा आलेत. मुलीनं ‘शाळेत’ म्हटल्यावर लगेच आले असते तर खुलासा झाला असता. बाबांच्या नजरेनंतर आले, म्हणून ते बाबांच्या मनात उमटल्यासारखे वाचले जातात. आणि ‘पलीकडे गेले असते तर’ या वाक्यात ती दुसरी वाट आहे, जिच्यासाठी हा तास निवडला.

अशा ठिकाणी अनुभवी लेखकही एका मोहाला बळी पडतात. दप्तराकडे बाबा बघत असतानाच ते लिहितात: ‘आज मागे वळून पाहताना जाणवतं, की त्या दिवशी बाबांना सगळं कळलं होतं.’ त्या एका वाक्यासरशी आपण नाक्यावरून उठून चाळीस वर्षं पुढच्या आरामखुर्चीत येऊन पडतो. पुन्हा नाक्यावर जाणं होत नाही. आत्ताच्या बाईंना बोलायचं असेल तर त्यांनी तासाच्या आधी बोलावं किंवा नंतर. आधी बोलणंही चालतं, त्यानं उत्कंठा कमी होत नाही. पुढे काय होणार ते वाचकाला ठाऊक असलं तरी चालतं. कसं होतं ते बघण्यासाठी तो थांबलेला असतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. तेराव्या वर्षीचं संभाषण चाळीस वर्षांनी शब्दशः कुणाला आठवतं? कुणालाच नाही. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत पानपानभर संवाद असतात: मामा असं म्हणाले, मग आत्या तसं म्हणाल्या, मग शेजारचे काका. वाचक चौथ्या ओळीला ओळखतो की हे रचलेलं आहे, आणि मग खरं असलेल्या गोष्टीवरचाही त्याचा विश्वास उडतो. माझा आग्रह असा, की संवाद तेवढाच ठेवावा जेवढा खरोखर कानात राहिलाय. तो बहुधा एखाद-दुसऱ्या वाक्याचाच असतो, आणि बहुधा साधा, बिनमहत्त्वाचा वाटणारा असतो. उरलेलं ‘असं काहीतरी म्हणाले’ म्हणून सोडून द्यावं. वेळेबाबतही तेच. गांधीजी त्या रात्रीबद्दल ‘साडेदहा किंवा अकरा’ म्हणतात, ‘पाच-सहा मिनिटं’ म्हणतात, ‘तीन-चार दिवस’ म्हणतात. प्रसंग अतिशय जवळून सांगताना त्यांनी आठवणीची धूसर कड तशीच राहू दिली. ‘दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी’ असं कुणी लिहिलं, तर त्याच्या हातात तेव्हाची डायरी आहे की काय, असं मी विचारतो. डायरी, पत्र, रुग्णालयाचा कागद असेल तर जरूर नेमकं लिहावं. नसेल तर ‘दिवेलागणीला’, ‘शाळा सुटायच्या सुमारास’ एवढं पुरतं, आणि ते जास्त खरं असतं.

सगळ्यांची आयुष्यं अशा तासांवर उभी नसतात, हेही मान्य करायला हवं. फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांनी २००८ साली ‘वर्षे’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेलं आयुष्य एकविसाव्या शतकापर्यंत येतं, आणि त्यात ‘मी’ जवळजवळ नाहीच. ‘आपण’ आहे, ‘लोक’ आहेत, ‘ती’ आहे. आपण काय खायचो, कुठली गाणी ऐकायचो, कुठल्या निवडणुकीला काय वाटायचं, असं ते वाहत जातं. आपल्या रीतिभूतकाळाला जवळचा असा फ्रेंचमधला काळ तिथं भरभरून आहे. एका पिढीचं जगणं हाच तिथला विषय आहे, आणि पिढीचं जगणं सवयींत असतं. पण तिथंही त्या मधूनमधून थांबतात: एखादा जुना फोटो समोर ठेवतात आणि त्यातली मुलगी कशी उभी आहे, काय घातलंय, कुठे बघतेय, हे सावकाश पाहतात. फोटो संपला की पुन्हा वर्षं वाहू लागतात. कष्टाचं, एकसुरी आयुष्य ज्यांना लिहायचंय, शेतातल्या रोजगाराचं किंवा तीस वर्षांच्या एकाच टेबलावरच्या नोकरीचं, त्यांना ही रीत अधिक उपयोगी पडेल. तिथं एक ठरावीक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत सावकाश लिहून पाहावा. तो कुठलाही दिवस असतो, आणि म्हणूनच त्यात सगळे दिवस मावतात.

स्वतःचा खर्डा तपासायला मी सर्वांना एकच काम सांगतो. छापील प्रत घ्या आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात लिहा, यात किती काळ गेला: ‘सहा वर्षं’, ‘एक उन्हाळा’, ‘दहा मिनिटं’. मग मजकूर झाकून फक्त समास वाचा. ‘दोन वर्षं, तीन वर्षं, दोन वर्षं, चार वर्षं’ असं उतरलं असेल, तर तुम्ही नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद लिहिलाय. ‘अर्धा तास, एक तास, अर्धा तास’ असंच सलग येत असेल, तर वाचक तिसऱ्या प्रकरणात थकणार, आणि नेमका कुठला तास तुमचा होता हे त्याला कळणारच नाही. त्याच प्रतीवर दुसऱ्या रंगानं क्रियापदांखाली रेघ मारा. जिथं ‘-यचा’ जाऊन ‘-ला’ येतो, तिथं खरोखर प्रसंग सुरू होतोय का ते बघा; न होता काळ बदलला असेल तर तो सवयीनं बदललाय, तो दुरुस्त करा.

समासात मोठी उडी दिसली, की तिथला सांधा तपासायचा. ‘दिवसांमागून दिवस गेले’, ‘पाहता पाहता दहा वर्षं उलटली’, ‘काळ कुणासाठी थांबत नाही’ ही वाक्यं तिथंच येऊन बसतात. ती काढून टाका आणि काय बिघडतं ते पाहा. गिरणीच्या उदाहरणात ‘बघितलं नाही’ नंतर एक ओळ मोकळी सोडून पुढचा परिच्छेद ‘१९९१ साली मला पोस्टात नोकरी लागली’ असा सुरू झाला, तर मधली आठ वर्षं वाचक स्वतःहून ओलांडतो. बाबांचं पुढे काय झालं हे त्याला हवं असतं, आणि ते त्या नोकरीच्या परिच्छेदात कुठेतरी, पहिल्या पगाराच्या किंवा अर्जावरच्या ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्याच्या ओघात एका वाक्यात देता येतं.